सर्व्हेचं विमान बनवताना: आधी वेग, मग पंख, सगळ्यात शेवटी मोटर

जमिनीचे फोटो काढणारं माझं पहिलं मानवरहित सर्व्हे विमान हवेत दोन तास पाच मिनिटं राहिलं आणि तरीही ते फसलं. पंख ऐसपैस होते, वजन कमी होतं. सकाळच्या शांत हवेत ते मैदानावर घारीसारखं घिरट्या घालायचं. पहिल्या खऱ्या कामाला नेलं त्या दिवशी नऊ मीटर प्रति सेकंदाचा वारा होता. वाऱ्याच्या दिशेने तोंड केलं की स्क्रीनवर जमिनीवरचा वेग तीनावर यायचा. विमान आकाशात टांगल्यासारखं दिसत होतं, बॅटरी मात्र संपत चालली होती. ठरलेल्या क्षेत्राचा जेमतेम तिसरा भाग झाला आणि त्यातलेही बरेच फोटो झोक्यांमुळे तिरके आले.

चूक अशी की मी मिनिटांच्या मागे लागलो होतो. सर्व्हेत मोजायचं असतं ते एका बॅटरीवर किती किलोमीटरच्या रेषा उडून झाल्या, आणि तेही फोटो वापरता येतील अशा वेगाने. हे लक्षात आलं की विंग लोडिंग, एअरफॉइल म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, आणि मोटर हे तिन्ही निर्णय एकाच वेगापासून सुरू होतात. खाली मी साडेतीन किलोच्या एका विमानाचा हिशोब पहिल्यापासून मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

आधी हाताशी काय हवं

- कॅमेरा आणि लेन्सची माहिती: सेन्सरचा आकार, पिक्सेल, फोकल लेंथ, सलग फोटो काढण्याचा वेग
- ज्या मोटरचा विचार करताय तिचा तक्ता, त्यात नो-लोड करंट आणि रेझिस्टन्स दिलेला हवा
- बॅटरीच्या सेलची डेटाशीट (नुसती क्षमता पुरत नाही, सतत किती अँपिअर चालतात तेही पाहा)
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि एक वॉटमीटर
- एअरफॉइलचे आलेख काढणारं एक्सफॉइल किंवा एक्सएफएलआर५, दोन्ही फुकट मिळतात
- एक साधी स्प्रेडशीट

१. वेग कॅमेऱ्याला विचारा

समजा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आहे, लेन्स १६ मिमीची, उंची १२० मीटर. पिक्सेलचा आकार ३.९ मायक्रॉन धरला तर एक पिक्सेल जमिनीवर साधारण २.९ सेंमी जागा व्यापतो. एका फोटोत उड्डाणाच्या दिशेने सुमारे ११७ मीटर आणि आडवं १७५ मीटर क्षेत्र येतं. पुढच्या दिशेने ८० टक्के ओव्हरलॅप हवा असेल तर दर २३ मीटरला फोटो काढावा लागेल.

वेग १६ मीटर प्रति सेकंद ठेवला तर दोन फोटोंमध्ये जवळपास दीड सेकंद मिळतो. बहुतेक कॅमेऱ्यांना हे झेपतं. शटर १/१००० सेकंद असेल तर उघडझापेत विमान १.६ सेंमी सरकतं, म्हणजे अर्ध्या पिक्सेलहून किंचित जास्त. फोटो स्वच्छ येतो. वेग २२ वर नेला तर हीच सरक पाऊण पिक्सेल होते आणि ढगाळ दिवशी शटर मंद केलं की फोटो फिसकटतात. ही झाली वरची मर्यादा.

खालची मर्यादा वारा ठरवतो. सर्व्हेत आपण एकदा वाऱ्याविरुद्ध आणि एकदा वाऱ्यासोबत जातो. जाताना जे गमावतो ते येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण वाऱ्याविरुद्ध आपण जास्त वेळ असतो. सरासरी वेग असा निघतो:

```
V_avg = V * (1 - (w/V)^2)
```

`w` म्हणजे वाऱ्याचा वेग. माझ्या पहिल्या विमानाचा वेग १२ होता. ९ च्या वाऱ्यात सरासरी फक्त सव्वापाच उरते, निम्म्याहूनही कमी. १६ च्या वेगाला त्याच वाऱ्यात ती जवळपास ११ असते. म्हणून या विमानाचा सर्व्हे वेग १६ धरू.

२. विंग लोडिंग: दोन टोकांच्या मधली जागा

विंग लोडिंग म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन आहे. नवखा माणूस कमी लोडिंगकडे ओढला जातो, कारण ‘हलकं विमान जास्त वेळ उडतं’ हे त्याने ऐकलेलं असतं. सावकाश घिरट्या घालायच्या असतील तर ते खरंही आहे. पण वेग १६ वर पक्का केल्यावर गणित उलटतं. मोठा पंख म्हणजे हवेला घासणारा जास्त पृष्ठभाग, आणि त्या वेगाला एवढी लिफ्ट लागतच नाही. शिवाय हलक्या लोडिंगचं विमान प्रत्येक झुळुकीला उसळतं.

मग लोडिंग किती वाढवायचं? जिथे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाही तो वेग, तुम्हाला थांबवतो तिथपर्यंत. सर्व्हे वेग स्टॉलच्या किमान दीडपट असावा असा माझा नियम आहे. रेषेच्या शेवटी विमान वळतं तेव्हा ४५ अंश कलण्याने स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, त्यात मागून झुळूक आली तर उरलेली सोयही जाते. १.३ पट ठेवून उडवणारे आहेत. त्यांचे पंख दुमडून मातीत रुतलेलेही मी पाहिलेत.

हिशोब असा. `W/S` म्हणजे विंग लोडिंग, `rho` हवेची घनता आणि `CLmax` लिफ्टचा कमाल गुणांक:

```
Vs = sqrt( 2*(W/S) / (rho*CLmax) )
W/S = 70 N/m^2, rho = 1.2, CLmax = 1.1
Vs = 10.3 m/s
```

१६ भागिले १०.३ म्हणजे १.५५. जमलं. ७० न्यूटन प्रति चौ.मी. म्हणजे सुमारे ७.१ किलो प्रति चौ.मी.; मॉडेल उडवणाऱ्यांच्या भाषेत ७१ ग्रॅम प्रति चौ.डेसीमीटर. साडेतीन किलोला पंखाचं क्षेत्रफळ ०.४९ चौ.मी. येतं. विंगस्पॅन २.४ मीटर ठेवला तर सरासरी रुंदी २० सेंमी आणि आस्पेक्ट रेशो, म्हणजे स्पॅन भागिले रुंदी, साधारण ११.८.

`CLmax` मध्ये स्वतःला फसवू नका. एअरफॉइलच्या आलेखात १.२ किंवा १.३ दिसतं, पण अख्ख्या विमानाला तेवढं मिळत नाही: टोकाकडे लिफ्ट कमी होते, फ्युजलाजमुळे मधला पट्टा वाया जातो. १.१ धरा. आणि उंच पठारावर किंवा कडक उन्हात उडवणार असाल तर `rho` १.० घालून पुन्हा पाहा, स्टॉल थेट ११.३ वर जातो.

३. किती वॅट लागतील

हा टप्पा गाळून मोटरच्या दुकानात जाणं ही सगळ्यात महागडी चूक. संपूर्ण विमानाचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, दोन भागांत पकडा: वेगासोबत वाढणारा घर्षणाचा भाग, आणि लिफ्ट निर्माण करण्याची किंमत म्हणून येणारा भाग. `CL` लिफ्टचा गुणांक, `CD` ड्रॅगचा, `CD0` त्यातला घर्षणाचा भाग, `AR` आस्पेक्ट रेशो.

```
CL = (W/S) / (0.5*rho*V^2)      = 0.456
CD = CD0 + CL^2/(pi*e*AR)
   = 0.030 + 0.007              = 0.037
L/D = 12.3
D = 34.3 / 12.3                 = 2.8 N
P = D*V                         = 45 W
```

`CD0` ०.०३० हा आकडा अँटेना, कॅमेऱ्याचं भोक, सर्व्होचे आर्म अशा सगळ्या खऱ्याखुऱ्या अडचणींसकट आहे. कागदावरच्या गुळगुळीत विमानाला ०.०२० मिळतो, तो धरलात तर उड्डाणाची वेळही कागदावरच राहील. `e` म्हणजे लिफ्ट निर्माण करण्यातली पंखाची कार्यक्षमता, ती ०.८ धरलीय.

हवेला ४५ वॅट पोचवायला बॅटरीतून किती काढावे लागतात? प्रॉप ७० टक्के, मोटर ८०, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी ९५. तिन्हींचा गुणाकार जेमतेम ५३ टक्के, म्हणजे ८४ वॅट. ऑटोपायलट, जीपीएस, रेडिओ आणि कॅमेऱ्याचे १० वॅट त्यात मिळवा. वळणं आणि झुळुकांसाठी १३ टक्के वाढवा. एकूण १०६ वॅट.

बॅटरी २१७०० आकाराच्या ५ अँपिअर-तास लिथियम-आयन सेलची, सहा सिरीजमध्ये आणि दोन समांतर. बारा सेल, तारांसकट सुमारे ९०० ग्रॅम, २१६ वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७३. भागाकार करा: ९८ मिनिटं.

आता गंमत पाहा. याच पंखावर तिसरी समांतर रांग जोडली तर विमान ३.९५ किलोचं होतं. वीज लागते १११ वॅट, फक्त पाच वॅट जास्त. वेळ मात्र १४० मिनिटं! १६ च्या वेगाला बहुतेक ताकद घर्षणावर जाते आणि घर्षणाला वजनाशी फारसं देणंघेणं नाही, म्हणून असं होतं. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: स्टॉल ११ वर जातो. हाताने फेकताना विमानाला फार तर आठ-नऊचा वेग मिळतो, उरलेला फरक समोरचा वारा आणि मोटर भरून काढतात. १०.३ ला ते जमतं, ११ ला हात थरथरतो. बंजीने सोडणार असाल तर खुशाल तिसरी रांग जोडा, फक्त स्पार, म्हणजे पंखातला आधाराचा दांडा, त्या वजनाला पुन्हा तपासा.

वजनाचा ताळेबंदही इथेच लिहून टाका: बॅटरी ९००, कॅमेरा-लेन्स ४५०, अचूक जीपीएस १५०, मोटर-प्रॉप-ईएससी २५०, सर्व्हो १००, ऑटोपायलट-रेडिओ-तारा २५०. राहिले १४०० ग्रॅम, त्यात अख्खा सांगाडा. तारांचं वजन प्रत्येक जण विसरतो. मीही विसरलो होतो, १३० ग्रॅमला पडलं.

४. एअरफॉइल: रेनॉल्ड्स अंक बघून

रेनॉल्ड्स अंक वेग आणि पंखाच्या रुंदीसोबत वाढतो; आपल्या पंखाचा तो सुमारे २ लाख १५ हजार आहे. माणसं नेणाऱ्या विमानांचा तो कित्येक दशलक्ष असतो. म्हणून त्यांच्या जाड, नावाजलेल्या एअरफॉइलची नक्कल इथे चालत नाही. कमी अंकाला पंखावरून जाणारा हवेचा थर शांत, लॅमिनार राहतो आणि शांत थराला वळण घेता येत नाही. वरच्या पृष्ठभागाचा उतार सुरू झाला की तो सुटतो, थोडं पुढे खळबळतो आणि पुन्हा चिकटतो. मधे हवेचा एक फुगा राहतो. फुगा जितका जाड तितका ड्रॅग जास्त. तो पुन्हा चिकटलाच नाही तर लिफ्टही जाते.

या अंकासाठीच घडवलेले एअरफॉइल आहेत. त्यातला एसडी ७०३७ मी वापरतो. एसडी म्हणजे सेलिग आणि डोनोव्हन. जाडी ९.२ टक्के, कॅम्बर, म्हणजे मधल्या रेषेचा बाक, सुमारे ३ टक्के. त्याच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार असा बेतलाय की फुगा पातळ राहतो. शेपटी नसलेलं फ्लाइंग विंग करायचं असेल तर हा चालणार नाही. तिथे मागचं टोक वर वळलेला एमएच ६० सारखा घ्यावा लागतो आणि `CLmax` कमी धरावा लागतो.

नावावर विसंबू नका, स्वतः आलेख काढा. एक्सफॉइलमध्ये:

```
LOAD sd7037.dat
PANE
OPER
VISC 215000
VPAR
N 6

ITER 200
PACC
polar_root.txt

ASEQ -2 15 0.5
```

मधल्या दोन रिकाम्या ओळी टाळू नका. पहिली मेन्यूतून बाहेर आणते, दुसरी डम्प फाइल नको असं सांगते. `N` चा मूळ आकडा ९ असतो आणि तो सरासरी विंड टनेलमधल्या गुळगुळीत पंखासाठी आहे. फोमवर टेप लावलेल्या पंखाला ५-६ जास्त खरे वाटतात.

आलेखात सगळ्यात कमी ड्रॅगचा बिंदू शोधत बसू नका. आपलं विमान ०.४५ च्या `CL` वर उडणार आहे, वळणात ते ०.६५ पर्यंत जाईल. तेवढ्या पट्ट्यात ड्रॅग सपाट राहतो का, एवढंच पाहा. दुसरं, लिफ्टची रेघ शिखरानंतर हळू खाली येते की कड्यावरून पडते? पडत असेल तर तो एअरफॉइल सोडा. एक्सफॉइल शिखर थोडं उंचच दाखवतं हेही ध्यानात असू द्या.

मग हीच कसरत टोकासाठी करा. मुळाशी २४ सेंमी आणि टोकाला १७ सेंमी रुंदी ठेवली तर स्टॉलजवळच्या वेगाला टोकाचा अंक १ लाख १७ हजारांवर येतो. निमुळतेपणा याहून वाढवला की पंखाचं टोक आधी स्टॉल होतं आणि विमान वळणात एका अंगाला कोसळतं. टोकाला दोन अंश खाली पीळ द्या, म्हणजे स्टॉल मुळाशी सुरू होईल.

स्पारही इथेच तपासायचा. मुळाशी जाडी २२ मिमी येते, म्हणजे १६ मिमीची कार्बन नळी आरामात बसते. सात टक्के जाडीचा सुंदर एअरफॉइल निवडणाऱ्याला इथे नळी सापडत नाही आणि आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

५. प्रॉप आधी, मोटर नंतर

हवेत आपल्याला फक्त २.८ न्यूटन थ्रस्ट हवाय, पण १६ च्या वेगाला. दुकानदार जो स्थिर थ्रस्ट सांगतो तो फक्त फेकण्याच्या क्षणी उपयोगाचा. मोठा, सावकाश फिरणारा प्रॉप कार्यक्षम असतो. व्यासाची मर्यादा फेकणाऱ्याची बोटं आणि उतरताना लागणारी जमीन ठरवते. मी १३x८ चा, म्हणजे १३ इंच व्यास आणि ८ इंच पिचचा, दुमडणारा प्रॉप घेतो. तो सर्व्हेच्या वेगाला ५,२०० आरपीएमच्या आसपास फिरला की हवा तेवढा थ्रस्ट मिळतो. पिच चारचा स्वस्त प्रॉप लावला तर त्याच आरपीएमला त्याचा पिच वेग नऊच्याही खाली येतो आणि १६ च्या हवेत तो उलट ब्रेक लावतो.

आता मोटर. सहा सिरीजच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण २१.६. उड्डाणात ६५ टक्के थ्रॉटलला ५,२०० फेरे हवेत, म्हणजे मोटरपाशी सुमारे १४ व्होल्ट. यातून केव्ही, म्हणजे एका व्होल्टला मोटरचे मिनिटाला फेरे, ३८० च्या आसपास येतो. पूर्ण थ्रॉटलला ही जोडी जवळपास २० अँपिअर ओढते आणि विमानाच्या निम्म्या वजनाइतका थ्रस्ट देते. फेकायला आणि चढायला पुरेसा. २० ची मर्यादा बॅटरीने घातलीय. बऱ्याच जास्त क्षमतेच्या लिथियम-आयन सेलना १० अँपिअर सतत चालतात, दोन समांतर म्हणजे २०. ५०० केव्हीची मोटर लावलीत तर विमान हातातून सुटतानाच व्होल्टेज कोसळेल.

शेवटचा सापळा नो-लोड करंटचा, म्हणजे काहीच भार नसताना मोटर जो करंट ओढते त्याचा. ‘थोडी मोठी मोटर घे, गरम होणार नाही’ हा सल्ला सगळे देतात. दोन मोटरी समजा. पहिलीचा नो-लोड करंट ०.६ अँपिअर, रेझिस्टन्स ०.१ ओहम. दुसरी मोठी, करंट १.५, रेझिस्टन्स ०.०४. आपल्या सर्व्हेच्या भाराला पहिली ८५ टक्के कार्यक्षम पडते, दुसरी ७५. मोठ्या मोटरचा कमी रेझिस्टन्स जोरात चढताना कामाला येतो, पण चढाई दोन मिनिटांची असते. उरलेला दीड तास ती दहा वॅट जास्तीचे नुसते स्वतःला फिरवण्यात घालवते. उड्डाणाची दहा-अकरा मिनिटं तिथे गेली.

६. मोटर बंद करून खरं-खोटं करा

शांत सकाळी दीडशे मीटरच्या आसपास चढा (तुमच्या इथली परवानगी पाहून), मोटर बंद करा, प्रॉप दुमडू द्या आणि १६ चा एअरस्पीड धरून सरळ घसरू द्या. एअरस्पीड मोजणाऱ्या पिटो ट्यूबशिवाय ही चाचणी करू नका, जीपीएसचा वेग वाऱ्यासकट असतो. लॉगमधून खाली येण्याचा वेग काढा. आपल्या हिशोबात `L/D` १२.३ आहे, म्हणजे विमान सेकंदाला १.३ मीटर खाली यायला हवं. उलटसुलट दिशांना चार-पाच वेळा करून सरासरी घ्या.

माझ्या दुसऱ्या विमानाला १.७ आलं, म्हणजे `L/D` साडेनऊसुद्धा नाही. आधी मी एअरफॉइलला दोष देत बसलो. मग विमान उलटं ठेवून बोट फिरवलं. पंखाच्या जोडावर चार मिलिमीटरची फट होती, कॅमेऱ्याचं चौकोनी भोक उघडंच होतं आणि एलेरॉनच्या बिजागरीतून प्रकाश दिसत होता. फटीवर टेप लावला, भोकाला लेन्सपुरती गोल खिडकी ठेवून बाकी बंद केलं, बिजागरी खालून चिकटवली. दुसऱ्या दिवशी १.४ आलं.

घसरणं बरोबर येऊनही वॉट जास्त लागत असतील तर दोष प्रॉप किंवा मोटरचा. दोन्ही आकडे हाती आल्यावरच ऑटोपायलटमध्ये `AIRSPEED_CRUISE` १६ आणि `AIRSPEED_MIN` १३ टाका. अगदी शांत दिवशी सर्व्हेचा वेग साडेतेरापर्यंत उतरवला तर हेच विमान कागदावर १३१ मिनिटं राहतं आणि ९४ ऐवजी १०६ किलोमीटर कापतं. अशा दिवशी दीडपटीचा नियम थोडा सैल करून मी १४.५ ठेवतो, त्याखाली जात नाही. वारा आठपर्यंत चढला की दोन्ही वेगांचे किलोमीटर सारखे होतात, तेव्हा परत १६.